सणाच्या शुभेच्छांचा तीस सेकंदांचा व्हिडिओ: आधी गाणं, मग फोटो, सजावट सगळ्यात शेवटी

घरच्या ग्रुपसाठी केलेला माझा पहिला शुभेच्छा-व्हिडिओ दोन मिनिटं दहा सेकंदांचा होता. चौतीस फोटो, प्रत्येक फोटोला वेगळी उडी, वेगळी गिरकी, आणि वरून सतत पडणारा सोनेरी कागदांचा पाऊस. दोन दिवसांनी मामाला विचारलं, "पाहिलास का?" तो म्हणाला, "पाहिला ना, छान होता. पण मी त्यात कुठे होतो?" तो एक मिनिट पन्नासाव्या सेकंदाला होता. तिथपर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

तेव्हापासून मी तीस सेकंदांवर जात नाही, आणि कामाचा क्रमही उलटा केला आहे. बहुतेक जण आधी टेम्प्लेट निवडतात, मग त्यात फोटो कोंबतात आणि शेवटी गाणं चिकटवतात. मी आधी गाणं घेतो, गाण्याच्या मापाने फोटोंचा हिशेब करतो, आणि टेम्प्लेटमधून फक्त सजावट उचलतो. हे कुठल्याही साध्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये जमतं. कॅनव्हा, इनशॉट, काइनमास्टर यांत बटणांच्या जागा वेगळ्या असतील, कृती तीच राहते.

आधी कागदावरचा हिशेब

गाणं म्हणजे पूर्ण गाणं नव्हे, तीस सेकंदांचा एक तुकडा. शक्यतो बोल नसलेला, ठेका स्पष्ट ऐकू येणारा. तो लावा, घड्याळ समोर ठेवा आणि पंधरा सेकंदांत किती टाळ्या पडतात ते मोजा. समजा वीस पडल्या. म्हणजे मिनिटाला ८० ठोके, दोन ठोक्यांमध्ये पाऊण सेकंद, आणि चार ठोक्यांचं एक आवर्तन बरोबर तीन सेकंदांचं. तीस सेकंदांत अशी दहा आवर्तनं बसतात.

आता फोटोंची संख्या तुम्ही ठरवायची नाही, ती या दहा आवर्तनांनी ठरवायची. मी अशी वाटणी करतो: पहिलं आवर्तन शीर्षकाच्या फोटोला. पुढची सहा आवर्तनं सहा फोटोंना, प्रत्येकी तीन सेकंद. त्यानंतर सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो, त्याला दोन आवर्तनं म्हणजे सहा सेकंद, कारण त्यात प्रत्येक जण स्वतःला शोधणार असतो. शेवटचं आवर्तन शुभेच्छांच्या ओळीला. तीन अधिक अठरा अधिक सहा अधिक तीन, झाले तीस.

गाण्याचा वेग दुसरा असेल तर गणित बदलतं. मिनिटाला १२० ठोके असतील तर चार ठोके दोनच सेकंदांत संपतात. दोन सेकंदांत एकट्याचा चेहरा ओळखता येतो, चार जणांचा फोटो नाही. अशा गाण्यात मी एका फोटोला आठ ठोके देतो. गाणं बदलायचं नसेल तर फोटो कमी करा, पण ठोका सोडून मध्येच फोटो बदलू नका. का ते सांगता येत नाही, पण ते खटकतं हे अगदी लहान मुलालाही कळतं.

सुरुवात कुठून करायची हेही कानानेच ठरवा. गाण्याच्या शून्य सेकंदाला बहुधा नुसतं वातावरण असतं, ठेका नंतर येतो. जिथे ठेका स्थिर झाला तिथून तुकडा कापा. शेवटी दोन सेकंदांत आवाज हळूहळू उतरवा, नाहीतर तान अर्ध्यावर तुटल्यासारखी वाटते.

गाणं कुठलं घ्यायचं, यात एक अडचण आहे. अ‍ॅपच्या स्वतःच्या संग्रहातलं संगीत बरेचदा ठरावीक वापरापुरतंच खुलं असतं, आणि ओळखीचं गाणं वापरलेला व्हिडिओ पुढे कुणी सार्वजनिक ठिकाणी टाकला तर त्याचा आवाज बंद होऊ शकतो किंवा हक्काचा दावा येऊ शकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत वापराच्या चाली मिळतात. पण घरात कुणी पेटी, बासरी, तबला वाजवत असेल तर मी दुसरीकडे बघतच नाही. फोनवर चाळीस सेकंद रेकॉर्ड करून घ्या, पंखा बंद करून.

फोटो मागवताना

"फोटो पाठवा" म्हटलं की लोक चॅटमधूनच पाठवतात, आणि तिथे फोटोचा आकार कमी होतो. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या दर्जात पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. उभ्या व्हिडिओची चौकट १०८० रुंद आणि १९२० उंच असते, म्हणजे फोटोचा थोडा भाग मोठा करून दाखवायचा म्हटलं तर पिक्सेल कमी पडतात. उपाय सोपा आहे: फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा. ते कुणाला जमत नसेल तर निदान HD चं बटण दाबायला सांगा.

याचा फरक एकत्र फोटोत सगळ्यात जास्त दिसतो, म्हणून तोच नीट बघू. असा फोटो जवळजवळ नेहमी आडवा असतो. तो उभ्या चौकटीत पूर्ण बसवला तर रुंदी १०८० आणि उंची फक्त ८१० होते. वरखाली मोठी रिकामी जागा, आणि एका ओळीत चौदा माणसं उभी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला पाऊणशे पिक्सेल. छोट्या फोनवर ती माणसं नव्हेत, ठिपके. रिकाम्या जागेत त्याच फोटोची धूसर प्रत टाकायची सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये असते. ती एका-दोघांच्या फोटोला चालते, घोळक्याच्या फोटोला तिचा उपयोग नाही.

त्याऐवजी फोटो मोठा करून चौकटीची पूर्ण उंची भरा आणि सहा सेकंदांत तो डावीकडून उजवीकडे सरकवा. उंची १९२० केली की रुंदी २५६० होते, आणि एका वेळी त्यातला अर्ध्याहून थोडा कमी भाग दिसतो. मूळ फोटो असेल तर हे आरामात होतं. चॅटमधून आलेला १६०० बाय १२०० चा असेल तर तो १.६ पट ताणावा लागतो आणि चेहऱ्यांवर मेण लावल्यासारखं दिसू लागतं. मग तडजोड करा: फोटो आहे त्याच मापाने ठेवा, उंची १२००, वरखाली धूसर पट्टा, आणि दोनतृतीयांश भाग दाखवत उरलेले ५२० पिक्सेल सरकवा. सरकवण्यासाठी बऱ्याच अ‍ॅपमध्ये "कीफ्रेम" नावाची सोय असते: सुरुवातीच्या क्षणी फोटोची एक जागा नोंदवायची, शेवटच्या क्षणी दुसरी, मधली वाट अ‍ॅप स्वतः काढतं. फक्त सरकणं पाव सेकंद उशिरा सुरू करा आणि शेवटच्या माणसावर अर्धा सेकंद थांबा. शेवटी उभी असते ती बहुधा कुणाची तरी सून, आणि तीच दर वेळी कापली जाते.

जुना छापील फोटो वापरायचा असेल तर खिडकीजवळ, फ्लॅश न लावता, फोन त्याच्या वर समांतर धरून काढा. चकाकी येत असेल तर गूगलचं फोटोस्कॅन हे अ‍ॅप चार कोनांतून टिपून ती पुसून टाकतं.

टेम्प्लेटमधलं काय ठेवायचं

टेम्प्लेट उघडलं की दिसतं ते सगळं मनाला भुरळ घालणारं असतं, म्हणून मी आधी पुसायला बसतो. रंगसंगती, चौकट आणि एखादी हलणारी सजावट ठेवतो, बाकीचं काढतो. टेम्प्लेटमध्ये फोटोंचे कालावधी त्याच्या स्वतःच्या संगीताला धरून आखलेले असतात: कुठे सात दशांश सेकंद, कुठे दोन. तुम्ही संगीत बदललंत की ते सगळे कालावधी चुकीचे ठरतात, आणि लोकांची इथेच फसगत होते. प्रत्येक पान किंवा क्लिप निवडून तिचा कालावधी हाताने तीन सेकंद करा.

एक लपलेली चूक आणखी आहे. दोन फोटोंमध्ये विरघळण्याचा परिणाम दिला की बऱ्याच अ‍ॅपमध्ये दोन्ही क्लिपा तेवढ्या वेळापुरत्या एकमेकींवर चढतात. नऊ क्लिपा, आठ सांधे, प्रत्येकी अर्धा सेकंद: एकूण व्हिडिओ चार सेकंदांनी आखूड झाला. पहिला फोटो ठोक्यावर येतो, पुढचा प्रत्येक फोटो आणखी अर्धा सेकंद घसरत जातो, आणि शेवटची शुभेच्छांची ओळ गाणं संपायच्या चार सेकंद आधीच निघून जाते. एकूण लांबी तीसऐवजी सव्वीस दिसली की समजा, हेच झालंय. मी सरळ कट वापरतो आणि फक्त जुन्या फोटोच्या आधी एकदाच विरघळवतो. त्या क्लिपला अर्धा सेकंद जास्त दिला की हिशेब पुन्हा जुळतो.

कट नेमका कुठे पडावा हे टाइमलाइनवरच्या ध्वनीच्या आलेखातून कळतं. ठोका जिथे पडतो तिथे टोक उंच दिसतं. फोटो त्या टोकाच्या एक-दोन फ्रेम आधी बदलला तर डोळ्याला जास्त नेटका वाटतो. उशिरा बदलला तर मात्र लगेच कळतं.

फोटोंना हलतं ठेवायला उड्या-गिरक्या लागत नाहीत. तीन सेकंदांत आठ-दहा टक्क्यांनी हळूच जवळ येणं पुरे आहे. सलग सगळे फोटो जवळ आणू नका, एक जवळ, पुढचा लांब. आणि झूमचा मध्यबिंदू चौकटीच्या मध्यावर नको, चेहऱ्यावर हवा. नाहीतर जवळ येता येता आजीचं कपाळ चौकटीबाहेर जातं.

सजावटीचं सांगायचं तर उडणारे कागद, चमचम, पडत्या पाकळ्या या जितक्या बारीक आणि जितक्या जास्त, तितका व्हिडिओ पाठवल्यावर खराब दिसतो. व्हिडिओ दाबून लहान करताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत, आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच साठवतात. स्थिर चेहरा जवळजवळ फुकट साठतो. शेकडो चमकते ठिपके मात्र प्रत्येक फ्रेमला बदलतात, सगळी जागा तेच खातात, आणि चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात. म्हणून चमचम पहिल्या आणि शेवटच्या तीन सेकंदांत ठेवा, मधे नको.

काळ्या पार्श्वभूमीवरची चमचमीची क्लिप हाती लागली तर ती फेकू नका. तिला फोटोच्या वरच्या थरावर टाकून मिश्रणाच्या पर्यायांत Screen निवडा, काळा रंग नाहीसा होतो आणि फक्त उजळ ठिपके उरतात. गडद फोटोवर हे सुरेख दिसतं. पांढऱ्या भिंतीसमोरच्या फोटोवर काहीच दिसत नाही, तिथे अ‍ॅप बिघडलंय असं समजून डोकं फोडू नका.

मराठी अक्षरं तुटतात तेव्हा

टेम्प्लेटमधला "एकेक अक्षर उमटणारा" मजकूर देवनागरीत बरेचदा फसतो. "शुभेच्छा" आपल्याला तीन अक्षरांचा शब्द दिसतो, पण संगणकासाठी तो आठ तुकड्यांचा आहे: श, उकार, भ, एक मात्रा, च, हलंत, छ आणि काना. अ‍ॅपने हे तुकडे सुटे सुटे उमटवले की आधी च चा पाय मोडलेला दिसतो, मग तो छ ला चिकटतो. "हार्दिक" तर आणखी गमतीचं. र हलंतासकट येतो, द आल्यावर रफार होऊन उडी मारून त्याच्या डोक्यावर बसतो, आणि मागून आलेली वेलांटी द च्या आधी घुसते. काही अ‍ॅपमध्ये तर मात्रा ठिपक्यांच्या गोलावर अधांतरी लटकलेली दिसते.

हे टाळायला मजकुराच्या हालचालीत अक्षराऐवजी शब्द किंवा पूर्ण ओळ असा पर्याय निवडा. नुसतं हळूच उजळत येणं सगळ्यात सुरक्षित. अ‍ॅपला जोडाक्षरंच नीट येत नसतील तर ओळ दुसऱ्या एखाद्या अ‍ॅपमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीच्या PNG चित्राच्या रूपात आणा. चित्राची अक्षरं तुटत नाहीत. मात्र चित्र झाल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून आधी दुसऱ्याला वाचायला द्या. फाँट युनिकोडमधला हवा. मुक्ता आणि बालू हे मोफत आहेत आणि लहान पडद्यावर ठसठशीत दिसतात. बारीक, वळणदार फाँटचे काने-मात्रे दाबलेल्या व्हिडिओत विरघळून जातात.

आकाराचं एक माप लक्षात ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जात व्हिडिओची रुंदी ४८० पिक्सेलच्या आसपास आणतं, म्हणजे तुमच्या १०८० च्या चौकटीतलं अक्षर निम्म्याहून लहान होतं. चाळीस पिक्सेलचं अक्षर अठरावर येतं, त्यात अनुस्वार आहे की नाही हे कळत नाही. नव्वदच्या खाली जाऊ नका. मग एका ओळीत दोन-तीनच शब्द मावतात, आणि ते चांगलंच आहे. ओळ किती वेळ ठेवायची? एकदा मोठ्याने वाचून होईल इतका. "सर्वांना सणाच्या हार्दिक शुभेच्छा" आणि खाली घराण्याचं नाव, एवढं तीन सेकंदांत बसतं. चार ओळींची कविता बसत नाही, मी करून पाहिलंय.

आजी-आजोबांचा आवाज घालायचा असेल तर मजकूर आणखी कमी करा. आवाज कपड्यांच्या कपाटासमोर उभं करून रेकॉर्ड करा, घुमणं कमी होतं. बोलणं चालू असताना संगीत पंचवीस टक्क्यांवर आणा. आजीला लिहून दिलेलं वाचायला लावू नका. मी "काय म्हणशील सगळ्यांना?" असं विचारतो आणि रेकॉर्डिंग आधीच सुरू केलेलं असतं.

बाहेर काढणं आणि पाठवणं

व्हिडिओ १०८० बाय १९२०, सेकंदाला ३० फ्रेम, MP4 मध्ये काढा. H.264 आणि HEVC असा पर्याय विचारला तर H.264 घ्या, कारण जुन्या फोनवर HEVC कधी कधी चालतच नाही. HDR बंद ठेवा, नाहीतर काही फोनवर चेहरे फिकट पडतात. बिटरेट विचारला तर हिशेब असा: सेकंदाला ४ मेगाबिट, तीस सेकंद, म्हणजे १२० मेगाबिट, आणि आठने भागलं की १५ एमबी. ग्रुपसाठी एवढं पुष्कळ.

पाठवण्याआधी पहिली फ्रेम तपासा. चॅटमध्ये दिसणारं छोटं चित्र साधारणपणे पहिल्याच फ्रेमचं असतं. व्हिडिओ काळ्यातून उजळत सुरू होत असेल तर ग्रुपवर एक काळा चौकोन पडतो, आणि काळा चौकोन कुणी उघडत नाही. पहिल्याच क्षणी फोटो आणि शीर्षक दोन्ही पडद्यावर हवेत, शीर्षक मध्यभागी, कारण छोट्या चित्रात वरखालचा भाग कापला जातो.

मग स्वतःलाच पाठवा. आपल्याच नंबरवर संदेश पाठवण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. तिथून तो घरातल्या सगळ्यात जुन्या फोनवर पुढे पाठवा आणि आवाज बंद करून बघा, कारण निम्मे लोक तसंच बघणार आहेत. मी तीन गोष्टी शोधतो: नाव चुकलंय का, टेम्प्लेटमधलं जुनं साल कुठे राहिलंय का, आणि कुणी सुटलंय का. शेवटचं तपासायला नातेवाइकांची यादी कागदावर लिहून एकेकासमोर फोटोचा क्रमांक टाकतो. एका वर्षी आत्या तीन फोटोंत होती आणि काका एकाही नाही. काकांनी अंगठा दाखवला, पण फोन केला नाही.

ग्रुपवर टाकताना HD निवडा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर दर्जा शाबूत राहतो, पण तिथे छोटं चित्र मोठं होऊन सरळ चालत नाही, फाइल उघडावी लागते, आणि मोठी माणसं तिथे अडतात. एकापेक्षा जास्त ग्रुपवर द्यायचा असेल तर एकदा HD मध्ये पाठवून तोच संदेश पुढे ढकला, तो पुन्हा दाबला जात नाही. गॅलरीतून दर वेळी नव्याने पाठवाल तर दर वेळी HD निवडायची आठवण ठेवावी लागते. लहान मुलांची पूर्ण नावं आणि शाळेच्या गणवेशातले फोटो यात घालू नका, कारण ग्रुपमधला व्हिडिओ ग्रुपमध्येच राहतो असं कधी होत नाही.

प्रोजेक्ट अ‍ॅपमधून लगेच पुसू नका. पाठवल्यावर तासाभरात कुणीतरी "अरे, ताईचं नाव चुकलंय" म्हणतंच. चुकीचा व्हिडिओ सगळ्यांसाठी पुसायला साधारण दोन दिवसांची मुदत असते, तेवढ्यात ओळ बदलून पुन्हा काढायला पाच मिनिटं लागतात. प्रोजेक्ट गेला असेल तर ठोके पहिल्यापासून मोजा.